घरचा गेमिंग पीसी भावंडाच्या हाती सोपवताय? ड्रायव्हर आणि अपडेटच्या चिठ्ठीत काय लिहावे?

घरात गेमिंग पीसी एक, वापरणारे चौघे आणि त्याचे नखरे ठाऊक असलेला एकच. तो एक जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेला की महिन्याभरात फोन सुरू होतात. ‘दादा, गेम अडखळतोय’, ‘दादा, निळा पडदा आलाय आणि कसला तरी ४८ आकडी नंबर मागतोय.’ दादा मीटिंगमध्ये असतो. त्यातच दुकानाचे हिशेब त्याच पीसीवर असतील, तर प्रश्न फक्त खेळाचा राहत नाही.

हे टाळण्यासाठी जाणारा माणूस बहुधा एक यादी करून जातो. अमुक सेटिंग हाय ठेव, तमुक बंद ठेव, ड्रायव्हर अपडेट करत राहा. पण ती यादी दोन महिन्यांत जुनी होते. नवा ड्रायव्हर येतो, विंडोजचे अपडेट येते, मेनूंची नावे बदलतात. टिकते ती वेगळीच माहिती : पीसी ठीक चालत होता तेव्हा त्यावर नेमके काय होते, त्यानंतर काय बदलले आणि मागे कसे यायचे.

अशी चिठ्ठी कशी लिहायची, हे एका नमुन्याच्या घरावरून पाहू. सांगलीतील एकत्र कुटुंब. थोरला चुलत भाऊ नोकरीसाठी बेंगळुरूला निघाला आहे आणि पीसीची जबाबदारी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या चुलत बहिणीकडे येणार आहे. तिला त्यावर ऑटोकॅड लागते, नववीतला धाकटा व्हॅलोरंट खेळतो आणि काका दुकानाचे हिशेब, जीएसटी, बँक सगळे त्यावरच करतात. पीसीमध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, रायझन ५ ५६०० प्रोसेसर, विंडोज ११ आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. हे घर आणि त्यातील फ्रेमचे आकडे नमुन्यादाखल आहेत. अपडेटचे क्रमांक आणि तारखा मात्र खऱ्या आहेत.

चिठ्ठीची पहिली ओळ कोणती?

पहिली नोंद ‘ठीक चालत होता’ या स्थितीची असावी. तिच्यात तीन गोष्टी पुरतात : विंडोजची आवृत्ती, ग्राफिक्स ड्रायव्हरची आवृत्ती आणि मोजलेला वेग.

विंडोजची आवृत्ती पाहण्यासाठी विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत हे टाइप करावे :

```
winver
```

ड्रायव्हरची आवृत्ती पाहताना नवख्याचा हमखास गोंधळ होतो. Device Manager मध्ये ती `32.0.15.8142` अशी दिसते, तर एनव्हिडियाच्या संकेतस्थळावर असा आकडा कुठेच सापडत नाही. दोन्ही एकच आहेत. टिंब बाजूला ठेवून शेवटचे पाच अंक घ्यायचे, म्हणजे 58142, आणि शेवटच्या दोन अंकांआधी टिंब द्यायचे. झाले 581.42. चिठ्ठीत दोन्ही रूपे लिहून ठेवावीत.

तिसरी गोष्ट वेगाची. ‘गेम मस्त चालायचा’ ही नोंद उपयोगाची नाही, कारण आठवण दर महिन्याला बदलते. फोर्झा होरायझन ५ सारख्या गेममध्ये स्वतःची बेंचमार्क चाचणी असते. तीच गाडी, तोच रस्ता, तेवढाच वेळ. ती एका ठरलेल्या सेटिंगवर तीन वेळा चालवायची. पहिली फेरी सोडून द्यायची आणि उरलेल्या दोन फेऱ्यांची सरासरी लिहायची. पहिली फेरी सोडण्याचे कारण शेडर. गेममधील प्रकाश, सावली, पाणी यांसाठीचे छोटे प्रोग्राम ग्राफिक्स कार्डासाठी एकदा तयार करून साठवले जातात. ड्रायव्हर बदलला की हा साठा नव्याने तयार व्हावा लागतो, त्यामुळे सुरुवातीची काही मिनिटे खेळ अडखळतो. हा बिघाड नव्हे. पुष्कळ जण नेमके याच वेळी ‘नवा ड्रायव्हर खराब आहे’ असे ठरवून मोकळे होतात.

नमुन्याच्या घरातील चिठ्ठी अशी सुरू होते :

‘५ ऑक्टोबर २०२५. विंडोज ११, 24H2. ड्रायव्हर 581.42. फोर्झा, 1080p, High : सरासरी ११० फ्रेम, कार्डाचं तापमान ६८ अंश. मॉनिटर १४४ हर्ट्झवर. ही आपली ठीक स्थिती. काही बिघडलं असं वाटलं तर आधी हीच चाचणी लाव आणि आकडा पाहा. आकडा १०५च्या वर असेल तर पीसी ठीक आहे. धाकट्याला सांग की नेट बघ.’

शेवटचे वाक्य चेष्टेचे वाटले तरी महत्त्वाचे आहे. ऑनलाइन गेममधला झटका पुष्कळदा इंटरनेटचा असतो. बेंचमार्कला इंटरनेट लागत नाही, त्यामुळे दोन्ही दोष वेगळे काढता येतात.

ड्रायव्हर कधी बदलायचा?

ड्रायव्हर म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधला दुभाषा. एनव्हिडिया साधारण दर महिन्याला, कधी त्याहून लवकर, नवी आवृत्ती आणते. त्यातील बराचसा भाग नव्या येणाऱ्या गेमसाठी असतो. घरात तो गेम नसेल तर त्या आवृत्तीची घाई नाही.

म्हणून चिठ्ठीत ‘अपडेट करत राहा’ असे न लिहिता कारणे लिहावीत. घरात नवा गेम आला आणि तो जुन्या ड्रायव्हरवर चालत नाही, हे पहिले कारण. आपल्याला होणारा त्रास नव्या आवृत्तीत दुरुस्त झाल्याचे लिहिले आहे, हे दुसरे. कंपनीने ड्रायव्हरमधील सुरक्षेची त्रुटी जाहीर केली आहे, हे तिसरे. यांपैकी काहीच नसेल तर चालू आहे ते चालू द्यावे.

दुसरे कारण तपासायला प्रत्येक ड्रायव्हरसोबत येणारे टिपण उपयोगी पडते. त्यात दुरुस्त झालेल्या तक्रारींची आणि अजून शिल्लक असलेल्या तक्रारींची अशा दोन याद्या असतात. दुसरी यादी आधी वाचावी. आपल्याच गेमचे नाव तिथे असेल तर थांबणे शहाणपणाचे. नवी आवृत्ती आल्यावर दोन आठवडे थांबले, तर इतरांच्या तक्रारी तोवर पुढे येतात.

याच घरात आरटीएक्स ३०६० ऐवजी जुने जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० असते, तर उत्तर वेगळे आले असते. ही कार्डे पास्कल पिढीतील आहेत. या पिढीसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच आणि त्यानंतर ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, असे एनव्हिडियाने जाहीर केले आहे. सेकंडहँड बाजारात ही कार्डे खूप फिरतात. ज्यांच्याकडे ती आहेत, त्यांच्या चिठ्ठीत ‘नवा गेम चालत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नको’ ही ओळ हवी.

विंडोज अपडेटचे वेळापत्रक घराशी कसे जुळवायचे?

विंडोजचे मुख्य मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. अमेरिकेतील सकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे आपल्याकडे ते मंगळवारी रात्री उशिरा किंवा बुधवारी दिसते. दुसरा मंगळवार नेहमी ८ ते १४ तारखेच्या दरम्यान पडतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेची असते. म्हणजे काका घाईत असतात, नेमक्या त्याच आठवड्यात पीसी रीस्टार्ट मागतो.

यावर अपडेट कायमचे बंद करणे हा उपाय नाही. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे सुरक्षेचे अपडेट लांबवणे घातक आहे. Settings मधील Windows Update पानावर Pause updates असते आणि तिथे एक ते पाच आठवडे निवडता येतात. नमुन्याच्या चिठ्ठीत एवढेच आहे :

‘दर महिन्याच्या ७ तारखेला एक आठवडा पॉज कर. काकांचं ११चं काम झालं की पहिल्या रविवारी सकाळी पॉज काढ, अपडेट होऊ दे, मग फोर्झाची चाचणी लाव आणि आकडा वहीत लिही. त्याच दिवशी ड्रायव्हरला हात लावू नको. दोन बदलांमध्ये किमान एक आठवडा जाऊ दे.’

शेवटच्या दोन वाक्यांवर अख्खी चिठ्ठी उभी आहे. एकाच दिवशी विंडोज आणि ड्रायव्हर दोन्ही बदलले आणि वेग घसरला, तर दोष कोणाचा हे सांगता येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये हा फरक किती कामाला आला असता, ते पाहण्यासारखे आहे.

ऑक्टोबर २०२५ : फ्रेम घसरले, पण दोष कोणाचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, विंडोज ११ चे मासिक अपडेट आले. त्याचा क्रमांक KB5066835. त्यानंतर काही गेममध्ये वेग कमी झाल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

आता आपल्या सांगलीच्या घरात काय घडेल? रविवारी अपडेट झाले. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्याने तक्रार केली. बहिणीने चाचणी लावली, सरासरी आली ९२. ठीक स्थितीपेक्षा १८ फ्रेम कमी, म्हणजे तक्रार खरी. कार्डाचे तापमान ६६ अंश, मॉनिटर १४४ हर्ट्झवर. म्हणजे कार्ड तापून मंदावलेले नाही आणि मॉनिटरही कमी हर्ट्झवर गेलेला नाही.

अशा वेळी पहिला संशय ड्रायव्हरवर जातो. इंटरनेटवरचा सल्लाही ‘ड्रायव्हर पूर्ण काढ, जुना टाक’ असाच असतो. पण वहीत नोंद आहे की ५ ऑक्टोबरपासून ड्रायव्हर 581.42 च आहे. जो बदललाच नाही, तो अचानक बिघडण्याची शक्यता कमी. वहीवर विश्वास नसेल तर विंडोज स्वतःही रोजनिशी ठेवते. त्यासाठी ही आज्ञा :

```
perfmon /rel
```

समोर दिवसांचा तक्ता येतो. कोणत्या दिवशी काय बसवले गेले, कोणता प्रोग्राम कोसळला, हे तारखेनिशी दिसते. ठीक चाचणी ५ तारखेची, घसरण त्यानंतरची आणि मध्ये बदल एकच : KB5066835.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुढची पायरी एकच आहे : तो एक बदल मागे घेऊन पुन्हा मोजणे. Settings, Windows Update, Update history, Uninstall updates या वाटेने ते अपडेट काढता येते. काढल्यावर चाचणी १०९ आली, तर प्रश्न मिटला. दोष अपडेटचा आहे, कार्ड ठणठणीत आहे, दुकानदाराकडे न्यायची गरज नाही.

इथे घरातला खरा पेच सुरू होतो. अपडेट काढून ठेवले तर धाकट्याला १८ फ्रेम परत मिळतात, पण त्याच अपडेटमधील सुरक्षेच्या दुरुस्त्याही निघून जातात आणि काकांची बँक त्याच पीसीवर आहे. जाणाऱ्या भावाने याचा निर्णय आधीच लिहून ठेवलेला बरा. नाहीतर तो निर्णय घरात ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो :

‘सुरक्षेचं अपडेट फक्त दोष शोधण्यापुरतं काढायचं. कळलं की त्याच दिवशी परत टाकायचं. फ्रेम कमी आले तर धाकट्याला सावल्यांचं सेटिंग एक पायरी खाली घ्यायला सांग. बँक आधी, गेम नंतर. यावर मतदान नाही.’

ही वाट बघणे फुकट गेले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने 581.94 हा हॉटफिक्स ड्रायव्हर आणला आणि KB5066835 नंतर काही गेमचा वेग कमी होतो ही तक्रार त्यात दुरुस्त केल्याचे सांगितले. अपडेट विंडोजचे आणि उतारा ड्रायव्हरचा, असे ते प्रकरण होते. हॉटफिक्स म्हणजे घाईने दिलेला, कमी चाचण्या झालेला ड्रायव्हर. कंपनी तो ऐच्छिक ठेवते आणि तीच दुरुस्ती पुढच्या नेहमीच्या आवृत्तीत घेते. म्हणून ज्याला तो विशिष्ट त्रास आहे आणि मोजून खात्री झाली आहे, त्यानेच तो घ्यावा. बाकीच्यांनी पुढच्या नेहमीच्या आवृत्तीची वाट पाहावी.

मागे कसे यायचे?

ड्रायव्हर बदलला आणि खरेच बिघडले, तर मागे येण्याच्या तीन पायऱ्या आहेत. सोप्या पायरीपासून सुरुवात करावी.

पहिली पायरी Device Manager मध्ये आहे. Display adapters खालील कार्डावर दोनदा क्लिक करून Driver टॅब उघडला की Roll Back Driver बटण दिसते. ते दाबले की आधीचा ड्रायव्हर परत येतो. बटण फिकट असेल तर विंडोजकडे आधीची प्रत उरलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी पायरी जुन्या ड्रायव्हरची जपून ठेवलेली फाइल. जाणाऱ्या भावाने शेवटच्या ठीक ड्रायव्हरची इन्स्टॉलर फाइल पीसीवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवावी. फाइल काहीशे एमबीची असते. ऐन वेळी मोबाइलच्या नेटवरून ती उतरवत बसण्यापेक्षा हे स्वस्त. बसवताना Custom निवडून clean installation वर खूण केली, तर जुनी सेटिंग पुसली जातात. त्यानंतर मॉनिटर १४४ वरून ६० हर्ट्झवर गेला नाही ना, हे Advanced display मध्ये जाऊन पाहावे. ‘ड्रायव्हर परत टाकला तरी खेळ संथच वाटतो’ या तक्रारीचे मूळ कधी कधी एवढेच असते.

तिसरी पायरी म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, गेमिंगवाल्यांच्या भाषेत डीडीयू. हे मोफत साधन ड्रायव्हरचे सगळे अवशेष काढते आणि ते सेफ मोडमध्ये चालवायचे असते. त्याआधी नेटची वायर काढायची, वायफाय बंद करायचे. ड्रायव्हर काढल्यावर नेट चालू असेल तर विंडोज रिकामी जागा पाहून आपल्याकडचा एखादा ड्रायव्हर बसवते आणि आपण केलेली साफसफाई वाया जाते. पहिल्या दोन पायऱ्या फसल्याशिवाय इथे येऊ नये.

ऑक्टोबरच्या त्या प्रकरणाला आणखी एक बाजू होती. KB5066835 नंतर विंडोजच्या दुरुस्ती पडद्यावर, म्हणजे शिफ्ट दाबून रीस्टार्ट केल्यावर येणाऱ्या निळ्या पडद्यावर, यूएसबीचे माउस आणि कीबोर्ड चालेनासे झाले. सेफ मोडमध्ये जाण्याची नेहमीची वाट तीच. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला KB5070773 हे तातडीचे अपडेट देऊन ते दुरुस्त केले. मधल्या सहा दिवसांत ज्याने घाईने डीडीयूचा मार्ग धरला, तो तिथे जाऊन अडकण्याची शक्यता होती, आणि तेही ज्या ड्रायव्हरचा दोष नव्हता तो काढण्यासाठी. म्हणून डीडीयूला हात लावण्याआधी दुरुस्तीचा पडदा उघडून माउस हलतो का ते पाहून यावे. हलत नसेल तर पॉवर बटण दाबून धरून पीसी बंद करावा आणि पुन्हा चालू करून थांबावे.

४८ आकडी किल्ली कोणाच्या नावावर?

आतापर्यंतच्या चुकांनी फार तर एक संध्याकाळ जाते. ही चूक मात्र काकांचा वर्षभराचा हिशेब घेऊन जाऊ शकते.

विंडोज ११ 24H2 नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले, तर बहुतेक पीसींवर डिस्कचे कुलूपबंद होणे आपोआप सुरू होते. रोजच्या वापरात ते जाणवत नाही. पण बायोस अपडेट केले किंवा मदरबोर्डमधील सुरक्षेची सेटिंग बदलली, तर पीसी अनोळखी जागी आल्यासारखा वागतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ही किल्ली ज्याने पहिल्यांदा पीसी उभा केला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. म्हणजे आपल्या घरात बेंगळुरूच्या दादाच्या खात्यात. ते खाते उघडायला ओटीपी लागतो आणि तो त्याच्या फोनवर जातो. किल्ली कुठेच सापडली नाही, तर डिस्कवरचा मजकूर परत मिळवण्याचा मार्ग मायक्रोसॉफ्टकडेही नाही.

कुलूप आहे की नाही, हे पाहण्यासाठी टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून ही आज्ञा द्यावी :

```
manage-bde -status C:
```

`Protection On` दिसले तर कुलूप लागलेले आहे. मग किल्ली पाहण्यासाठी :

```
manage-bde -protectors -get C:
```

सहा-सहा अंकांचे आठ गट दिसतील. ते कागदावर उतरवून काकांच्या कपाटात, दुकानाच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. पीसीवरच्या फाइलमध्ये ठेवलेली किल्ली म्हणजे घरात विसरलेली घराची चावी. दादाच्या खात्यातील नोंद `aka.ms/myrecoverykey` या पत्त्यावर दिसते. निघण्याआधी त्याने ती कागदाशी पडताळून पाहावी.

बायोसबद्दल चिठ्ठीत एकच ओळ आहे :

‘बायोस अपडेट करायचं नाही. करावंच लागलं तर मी घरी असताना, इन्व्हर्टर चार्ज असताना.’

यामागे तीन कारणे आहेत. अपडेट होत असताना वीज गेली तर मदरबोर्ड सुरूच न होण्याचा धोका असतो. दुसरे, काही रायझन बोर्ड अपडेटनंतर एफटीपीएम रीसेट करायचे का, असे विचारतात. किल्ली हाताशी नसताना तिथे `Y` दाबले की पीसी कुलपाबाहेर राहतो. तिसरे, बायोसची सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. मग रॅम ठरलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालते आणि सिक्युअर बूट बंद झाले असेल तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट `VAN9003` दाखवून सुरू व्हायला नकार देतो. धाकट्याच्या तोंडून हा क्रमांक ऐकला की ड्रायव्हर शोधू नये, बायोसमधील सिक्युअर बूट पाहावे.

ड्रायव्हरचा दोष नाही, हे कसे ओळखायचे?

खेळताना पडदा क्षणभर काळा होतो, परत येतो आणि गेम बंद पडतो. Event Viewer मध्ये 4101 क्रमांकाची नोंद सापडते : nvlddmkm हा डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि पुन्हा सुरू झाला. नोंदीत ड्रायव्हरचे नाव असल्यामुळे दोष त्याचाच वाटतो. प्रत्यक्षात कार्डाने ठरलेल्या वेळात, साधारण दोन सेकंदांत, उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने ते पुन्हा सुरू केले, एवढेच ती नोंद सांगते. उत्तर का आले नाही, हे सांगत नाही.

म्हणून चिठ्ठीत एक सीमा आखलेली असावी. शेवटच्या ठीक ड्रायव्हरवर परत आल्यावरही तीच नोंद येत राहिली, तर सॉफ्टवेअरचे काम तिथे संपले. मग तापमान, कार्डाची पॉवरची वायर, धूळ आणि पॉवर सप्लाय या क्रमाने पाहायचे. तापमान ६८ वरून ८५ च्या घरात गेले असेल तर आधी पंखे आणि जाळी साफ करावी. तापमान ठीक असूनही फक्त जड गेममध्येच पीसी अचानक बंद होत असेल, तर पॉवर सप्लायवर संशय घ्यावा आणि जाणकाराकडून तपासून घ्यावा. चौथा, पाचवा ड्रायव्हर टाकून पाहण्याने यातले काहीच सुटत नाही.

सोपवण्याचा दिवस

चिठ्ठी लिहून झाली तरी ती वाचून दाखवणे पुरेसे नाही. भाऊ घरी आहे तोवर बहिणीने एकदा सगळे स्वतःच्या हाताने करावे : ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर न्यावा, चाचणी लावावी, मागे आणावा, पुन्हा चाचणी लावावी, आकडा परत ११० च्या आसपास येतो का ते पाहावे. याला दीड-दोन तास लागतात. या वेळी भावाने माउसला हात लावायचा नाही. ती जिथे अडेल, तिथे चिठ्ठीत ओळ कमी आहे असे समजून ती ओळ तिथेच लिहावी.

सांगलीच्या घरातील अंतिम चिठ्ठी एका पानाची झाली. वर ठीक स्थितीचे आकडे, मध्ये ड्रायव्हर बदलण्याची तीन कारणे आणि मागे येण्याच्या तीन पायऱ्या, खाली किल्लीचा कागद कुठे आहे ते. त्याखाली रिकाम्या रकान्यांचा तक्ता आहे : तारीख, काय बदलले, आधीचा आकडा, नंतरचा आकडा. आणि तक्त्याखाली शेवटची सूचना :

‘मला फोन करण्याआधी या तक्त्यातली शेवटची ओळ वाचून दाखवायची तयारी ठेव. ती ओळ असेल तर आपण पाच मिनिटांत शोधून काढू.’